निकालासाठी राखून

वहिनीचा यंदाचाही कांदा काढून शेतातच पडला होता, कारण गाडी जायला वाट नव्हती. शेजारी आमचा बांध कोरत आत सरकणारा, पक्का बांधकोऱ्या. त्यानं गेल्या वर्षीच वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकलेला. तालुक्याच्या साहेबानं पंचनामा करून रस्ता खुला करायचा आदेश दिला. बांधकोऱ्या जिल्ह्याला अपिलात गेला आणि स्थगिती घेऊन आला. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि प्रकरण निकालासाठी राखून ठेवलं. राखलं ते राखलंच, अकरा महिने!

साहेब निवृत्त व्हायच्या दिवशी मी आणि वहिनी पुन्हा कचेरीत हजर.

"साहेबांनी दुपारी बारालाच पदभार सोडला, बाई," कारकून म्हणाला. "ज्यानं ऐकलं त्यानंच निकाल द्यायचा असतो. आता नव्या साहेबांपुढं सुनावणी पहिल्यापासून."

"आणि कांदा?"

कारकून कागद चाळायला लागला. "आलाच आहात तर निरोपाच्या भाषणाला बसा. मागच्या खुर्च्या रिकाम्या आहेत."

म्हणजे आम्ही खुर्च्या भरायला तेवढे कामाचे. बसलो.

हार सावरत साहेब उठले. "तेहतीस वर्षांत जिल्ह्यानं मला शिकवलं. कागदावरचा नकाशा खरा मानू नका, बांधावर जा. दारात आलेल्या माणसाचा अख्खा दिवस बुडालेला असतो. आणि निर्णय लांबवणं हाही निर्णयच असतो, चुकीचा!"

टाळ्याच टाळ्या. नवे साहेब तर मान डोलावून डोलावून वाजवत होते. स्वतः बांध कधी पाहिला नाही, आणि शिकवण मात्र जगाला!

वहिनी उभी राहिली. "साहेब, शेवटचं परत सांगा. अकरा महिने मी तेच ऐकायला येतेय."

साहेबांनी तिला ओळखलं. चेहरा उतरला, पण माइक समोर होता. "फाईल आणा! आत्ता सही करतो."

"राहू द्या. बाराला पदभार सोडलात, आता चार वाजलेत. ही सही त्या बांधकोऱ्याचा वकील फुंकरीनं उडवील. वरातीमागून घोडं कशाला?"

मग ती नव्या साहेबांकडं वळली. "तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सुनावणी कधी?"

"लवकरच घेऊ."

"लवकर ही तारीख नसते, साहेब."

सगळा हॉल त्यांच्याकडं बघायला लागला. "सोमवारी अकराला," ते म्हणाले.

"कचेरीत की बांधावर?"

"बांधावर," ते घाम पुसत म्हणाले.

"कारकूनदादा, दोघांच्या नोटिसा आजच काढा. नाहीतर तो म्हणेल, मला मिळालीच नाही."

भाषण अर्धंच राहिलं. साहेब कागद हातात धरून उभे, आणि आम्ही जावक क्रमांक घातलेली नोटीस घेऊन बाहेर पडलो.

"सोमवारपर्यंत निम्मा कांदा सडेल, वहिनी," मी म्हणालो.

"निम्मा राहील की," ती म्हणाली आणि भराभरा चालायला लागली.