हसरा की रडका

भुवनेश्वरी पुन्हा शाळेत जायला लागली तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं. लहान मुलांत तिचं मन रमेल, असं सगळेच म्हणाले. ती रमली नाही, पण जात राहिली. सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेल्यापासून ती सगळं वेळच्या वेळी करत होती. भाकरी थापायची, डबा भरायची, स्कूटी काढायची. कुणी कशी आहेस विचारलं की बरी आहे म्हणायची आणि ते खोटं आहे असंही तिला वाटायचं नाही. तिला काहीच वाटायचं नाही.

शाळा जुळे सोलापुरातली, एका बंगल्याच्या तळमजल्यावर भरणारी. बालवाडीचा लहान गट तिच्याकडे होता. त्या वर्षी सकाळच्या तासाला नवा उपक्रम सुरू झाला होता. मोबाइलवर असतात तसे पिवळे गोल चेहरे जाड कागदावर छापून भिंतीवर लावायचे आणि त्यांच्यावरून मुलांना मनातल्या गोष्टींची नावं शिकवायची. चार वर्षांच्या मुलाला राग येतो, भीती वाटते, पण त्याला शब्द ठाऊक नसतो, म्हणून तो चावतो नाही तर ढकलतो. शब्द मिळाला की निदान सांगता येतं. पहिल्या आठवड्यात चारच चेहरे होते: आनंद, दुःख, राग आणि भीती. भुवनेश्वरी चेहरा दाखवायची, स्वतः तसं तोंड करायची, मग छोटा आरसा फिरवून मुलांना त्यांची तोंडं बघायला लावायची. "असं कधी होतं?" एवढंच विचारायची. कुणी चूक सांगितलं तरी चूक म्हणायचं नाही, अजून काय दिसतं ते विचारायचं, हा नियम. तोंडं करणं तिला सोपं जायचं. ओठांचे कोपरे वर घेतले की आनंद, खाली सोडले की दुःख. आत काही हलायचं नाही.

हे सगळं ती नीट करत होती आणि सासूशी मात्र बोलत नव्हती.

सासू नागव्वा अक्कलकोटच्या पलीकडच्या गावात राहायच्या. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि वाचायला दोन्ही जेमतेम. दिवस गेले तेव्हाच त्यांनी बजावलं होतं की स्कूटीवर जाऊ नकोस, रस्ते खड्ड्यांचे आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, म्हणून भुवनेश्वरी जात राहिली. पुढे जे झालं त्याचा स्कूटीशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पण त्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या तिने फोन उघडला. धाकट्या दिराने घरच्या ग्रुपवर बातमी टाकली होती. खाली सगळ्यांचे जोडलेले हात, आणि मधेच नागव्वांच्या नावाने तीन पिवळे चेहरे. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे.

तिने फोन उलटा ठेवला. राग आला नाही. सासूला आपलं म्हणणं खरं झाल्याचं समाधान असावं, एवढं तिच्या डोक्यात आलं आणि तिथंच राहिलं. तिने ते कुणाला दाखवलं नाही, नवऱ्यालाही नाही. सिद्धलिंगच्या फोनवर शेकड्यांनी निरोप आले होते, त्याने ते पाहिलेच नसावेत. त्यानंतर नागव्वांचा फोन आला की ती सिद्धलिंगकडे द्यायची. दसऱ्याला गावी जायचं निघालं तेव्हा शाळेचं काम आहे म्हणाली. सिद्धलिंगने दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. त्यालाही घरात मोठ्याने बोलण्याचं धैर्य उरलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर काव्याने, शेजारच्या वर्गावरच्या नव्या शिक्षिकेने, चेहऱ्यांचा दुसरा संच छापून आणला. त्यात कंटाळा होता, लाज होती, आश्चर्य होतं. मुलांनी एकेक चेहरा उचलायचा आणि जुन्या चारांपैकी ज्याच्या घरचा वाटेल त्याच्याखाली नेऊन ठेवायचा, असा खेळ. कुठेच बसला नाही तर नवं घर करायचं. अंकिताच्या हाती जो आला तो भुवनेश्वरीने लगेच ओळखला. तोच होता, डोळ्यांशी निळे थेंब असलेला.

अंकिताने तो सरळ दुःखाखाली नेऊन ठेवला.

शिवयोगी म्हणाला, तो हसतोय. दोन-तीन पोरांनी त्याला साथ दिली. बाकीची अंकिताच्या बाजूने झाली. भुवनेश्वरीने नेहमीसारखं विचारलं की तुला काय दिसलं. अंकिताने बोट ठेवलं. डोळ्यांतनं पाणी आलंय.

मग भुवनेश्वरीने जे शिकवायचं असतं ते केलं. तळहाताने चेहऱ्याचा खालचा भाग झाकला. आता नुसते मिटलेले डोळे आणि थेंब. सगळे म्हणाले, रडतोय. मग वरचा भाग झाकला. नुसतं वासलेलं तोंड, वरचे दात. शिवयोगी म्हणाला, बघा, हसतोय. भुवनेश्वरी अंकिताकडे वळली आणि म्हणाली की तोंड तर हसरं आहे.

अंकिताने मान हलवली.

"माझी आई रडती तवा तोंड असंच करती," ती म्हणाली.

वर्ग चाललाच होता. शिवयोगी आपलंच म्हणणं धरून होता, मागे कुणीतरी आरसा मागत होतं. भुवनेश्वरीने तो कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखा पाहिला. मोठ्याने रडणाऱ्या बाईचं तोंड असंच उघडं असतं. आपण तो चेहरा हसरा म्हणून ओळखतो, कारण कुणीतरी आपल्याला कधी तरी तसं सांगितलेलं असतं. ज्याला कुणी सांगितलं नाही तो पाणी बघतो.

मुलांना तिने सांगितलं की काही चेहऱ्यांत दोन गोष्टी एकदम दिसतात, अशा वेळी आपण त्या माणसालाच विचारायचं, तुला काय वाटतंय म्हणून. हे तिने आजवर कितीदा तरी सांगितलं असेल. त्या दिवशी वाक्य तोंडातून निघालं आणि तिच्याच कानावर पडलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता एसटी स्टँडवर गेली. सिद्धलिंगला फोन करून गावी जातेय एवढंच कळवलं. तो म्हणाला की जा. अक्कलकोटला गाडी बदलून ती उतरली तेव्हा दुपार कलत आली होती.

नागव्वा अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. सुनेला बघून त्या उठू लागल्या, गुडघ्यामुळे लवकर उठता येईना. भुवनेश्वरीच त्यांच्याशेजारी खाली बसली. पाणी झालं, चहा झाला. शेवटी भुवनेश्वरीने पर्समधून तो कागद काढला, शाळेतला आहे म्हणून सांगितलं, आणि विचारलं, "अत्ती, ह्याला काय झालंय?"

नागव्वांनी कागद लांब धरला, जवळ आणला.

"अळाकत्तैति," त्या म्हणाल्या. मग सुनेला नीट कळावं म्हणून मराठीत, "रडतंय की. पाणी बघ किती."

त्यांचा तिळमात्र गोंधळ नव्हता. भुवनेश्वरीला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं झालं नाही. एखादी हिशेबातली चूक सापडावी तसं फक्त कळलं.

सांगावं की नाही, हे तिने गाडीत ठरवलं नव्हतं. न सांगता परत जाता आलं असतं. पण मग सासू पुढेही ते पाठवत राहिल्या असत्या आणि आणखी कुणी तरी फोन उलटा ठेवला असता. म्हणून तिने वर्गात सांगते तसं, तळहाताने आधी खालचं, मग वरचं झाकून सांगितलं. लोक हा चेहरा हसण्याला वापरतात. रडण्याचा वेगळा असतो. तिने तो फोनवर काढून दाखवला.

नागव्वांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "बाळाच्या टायमाला मी हेच पाठवलंतं?"

"हो."

"तू बघितलीस?"

"दवाखान्यात बघितलं."

नागव्वा कानडीत स्वतःशीच काही बोलल्या. मग म्हणाल्या, गावातला वीरभद्रप्पा वारला तेव्हाही हेच पाठवलं होतं, त्याच्या बायकोला. त्यांना लिहिता येत नव्हतं. धाकट्याच्या पोरांनी चित्रं दाबायला शिकवलं होतं, ह्याच्यात जास्त पाणी दिसलं म्हणून हे घेतलं, एकाने भागेना म्हणून तीन घेतले. बाळ गेलं त्या दिवशी त्या पहिल्या गाडीने सोलापूरला आल्याही होत्या. दवाखान्याच्या खाली बाकड्यावर बसल्या. सिद्धलिंग म्हणाला, ती कुणालाच भेटायचं नाही म्हणती, झोपलीय. मग त्या संध्याकाळच्या गाडीने परत फिरल्या. त्याने ते सुनेला सांगितलं असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

त्याने सांगितलं नव्हतं. कुणालाच भेटायचं नाही, हे आपण म्हणालो होतो का, ते भुवनेश्वरीला आठवेना. म्हणाली असेल.

"स्कूटीवरनं बोलले ते तुझ्या मनात राहिलं, असं मला वाटलंतं," नागव्वा म्हणाल्या. "म्हणून तू बोलत न्हाईस. रागावलीस म्हणून."

"मला राग आला नाही, अत्ती. रडूही आलं नाही. मला काहीच वाटत नाही."

हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. मुलांना शिकवायचे सगळे शब्द तिच्याकडे होते आणि ह्याला त्यांतला एकही लागू पडत नव्हता. नागव्वांनी तिच्याकडे पाहिलं, पण घाबरल्या नाहीत. आपल्या दुमडलेल्या पायावर हात ठेवला.

"जोमु हिडिदैति," त्या म्हणाल्या. "पायावर लई येळ बसलं की पाय बधिर हुतो न्हाई का, तसं. चिमटा काढला तरी कळत न्हाई." त्यांनी थोडा वेळ पाय चोळला. "माझा मधला पोरगा गेला तवा मलाबी वरीसभर तसंच व्हतं."

सिद्धलिंग आणि धाकट्या दिराच्या मधे एक मुलगा होता, हे भुवनेश्वरीला लग्नानंतर इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं नाव काय, तिने विचारलं. नागव्वांनी ते सांगितलं, मल्लिकार्जुन. तापाने गेला, चालायला लागला होता. एवढंच. दोघींनी उरलेल्या शेंगा निवडल्या.

संध्याकाळी नागव्वा तिला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत त्यांनी ठरवलं की उद्या वीरभद्रप्पाच्या बायकोकडे जाऊन स्वतः तोंडाने बोलायचं. सोबत येतेस का, असं त्यांनी विचारलं नाही, पण भुवनेश्वरीच म्हणाली की पुढच्या रविवारी येते, तेव्हा जाऊ. नागव्वा म्हणाल्या, बरं.

गाडीला गर्दी होती. ती अक्कलकोटपर्यंत उभी राहिली, पुढे जागा मिळाली. खिडकीबाहेर उसाचे फड आणि विटांच्या भट्ट्या मागे जात होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत होती. डोळे कोरडेच होते. सोलापूरचे दिवे दिसू लागले तेव्हा नागव्वांचा फोन आला. ह्या वेळी तिने तो स्वतः उचलला. पोचलीस का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पोचतेय, ती म्हणाली, आणि दोघींपैकी कुणीच लगेच फोन ठेवला नाही.