वरचा घोट

दोघी जावांनी मिळून रसाचं दुकान काढलं तेव्हा घरच्यांनी पैज लावली होती की या दोघी महिनाभरात भांडून वेगळ्या होतील. दोन वर्षं झाली, तरी भांडण काही झालं नाही. थोरलीचा हात मोकळा आणि जीभ गोड. धाकटी गप्प, पण तिच्या डोक्यात सतत काहीतरी किडा वळवळत असायचा. लहानपणी तिने घरातलं गजराचं घड्याळ उघडून ठेवलं होतं आणि पुन्हा बसवताना तीन चाकं उरली होती. घड्याळ मात्र चालू होतं. ती चाकं मग होती कशाला, हा प्रश्न तिला अजून छळत असे.

दुकान चौकाच्या कोपऱ्यावर. पुढे ओटा, ओट्यावर दोन मिक्सर आणि एक रस काढायचं यंत्र. मागे शीतकपाट, झाकणाचा फ्रीझर आणि फळांच्या क्रेटची उतरंड. त्या दिवशी सकाळी शेजारच्या व्यायामशाळेचा मालक आला. अंगापिंडाने दांडगा, म्हणून दोघी त्याला पैलवान म्हणत आणि त्यालाही ते आवडे.

"वहिनी, माझ्या मंडळींना व्यायामानंतर काहीतरी घट्ट, गार हवंय," तो म्हणाला. "रोज चाळीस बाटल्या. स्ट्रॉबेरी, केळं, दूध. वर्षभर. भाव एकच ठेवा, सत्तर."

"सत्तर म्हणजे सत्तर," थोरली म्हणाली. "शब्द दिला."

पैलवान खूश होऊन गेला. धाकटी स्ट्रॉबेरीचे देठ काढत होती. तिचा हात थांबला.

"ताई, एक पेला आपल्याला कितीला पडतो?"

"अगं, स्ट्रॉबेरी एकशेसाठने आणली. मूठभर टाकतो. पडेल पंधरा-सोळाला. बाकी केळं न् दूध."

"मूठभर म्हणजे किती?"

"म्हणजे मूठभर!" थोरलीने मूठ वळून दाखवली. "आता मुठीला काय माप लावतेस?"

पण प्रश्न एकदा डोक्यात शिरला की धाकटीला चैन पडत नसे. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं, तसा तिने वजनकाटा ओट्यावर ओढला. एक किलो स्ट्रॉबेरी निवडली. देठ गेले, दबलेली गेली, एका बाजूने मऊ पडलेली अर्धी कापून गेली. काट्यावर उरलं आठशे वीस ग्रॅम. मग तिने कचऱ्याच्या बादलीत डोकावलं. कालची उरलेली, रात्रीत बुरशी धरलेली फळं सकाळीच थोरलीने टाकली होती. ती वेचून तिने तोलली.

"शी! काय करतेस?" थोरली नाक दाबून म्हणाली.

"थांबा हो ताई. हे तर मजेशीर आहे. आपण किलो विकत घेतो, पण पेल्यात जातं पाऊण किलोपेक्षाही जरा कमीच. म्हणजे एकशेसाठची स्ट्रॉबेरी खरं तर दोनशे सोळाला पडते."

केळ्याची साल तोलली तर तिसरा हिस्सा सालीत. अननसाचं तर अर्धं अंग कचऱ्यात. धाकटीला वाटलं, आपण दोन वर्षं फळं विकत घेतोय की साली?

तरीही हिशोब जुळेना. साली, नासाडी सगळं धरूनही, आठवड्यात जितकी फळं आली त्यांतून जितके पेले निघायला हवे होते, तितके विकलेच गेले नव्हते. पाच पेल्यांमागे जवळजवळ एक पेला कुठेतरी हवेत विरत होता. चोरी म्हणावी, तर दुकानात दोघींशिवाय कोणी नाही. दुसऱ्या दिवशी ती दिवसभर थोरलीच्या हाताकडे बघत राहिली.

शाळेतून परतणाऱ्या एक बाई थांबल्या. थोरलीने मूठभर स्ट्रॉबेरी टाकली, केळं टाकलं, दूध ओतलं, मिक्सर फिरवला. पेला काठोकाठ भरला. बाईंनी दोन घोट घेतले, तशी थोरलीने भांडं वाकडं केलं आणि तळाशी राहिलेलं पुन्हा पेल्यात ओतलं. "घ्या, वरचा घोट. हा आमच्याकडून." बाई हसल्या. पुढच्या माणसालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही.

धाकटीने कपाळावर हात मारला. नंतर तिने मोजून पाहिलं. थोरलीची मूठ शंभर ग्रॅमची निघाली, भांड्यात तीनशे ऐंशी मिलिलीटर तयार होत होतं आणि पेला तीनशेचा.

"ताई, चोर सापडला."

"कोण?"

"तुमचा वरचा घोट."

थोरलीचा चेहरा उतरला. "म्हणजे आता मी माणसांना मोजून पाजू? अगं, ती बाई दोन दुकानं ओलांडून आपल्याकडे येते ती त्या घोटासाठी."

"मी बंद करा म्हणत नाहीये," धाकटी घाईने म्हणाली. तिला स्वतःलाही ते आत्ताच उमगत होतं. "तो फुकट नाही एवढंच. ओट्यावरच्या पेल्याचा भाव तीनशे ऐंशीवर धरायचा. मग खुशाल ओता."

थोरली जरा सैलावली. पण धाकटीच्या डोक्यात पुढचं चाक फिरायला लागलं होतं. पैलवानाच्या बाटल्या झाकणाच्या. त्यांत वर ओतायला जागाच नाही. शिवाय चाळीस म्हणजे चाळीस. आदल्या दिवशीच ठाऊक. त्यामुळे जास्तीचं फळ आणून सडवायलाही नको. ऐंशी ग्रॅम स्ट्रॉबेरी, शंभर ग्रॅम सोललेलं केळं, बाकी दूध. बाटली धरून एक नग अडतीसला पडत होता. सत्तरमधून भाडं, वीज आणि दोघींचे कष्ट काढूनही चार पैसे उरत होते.

"म्हणजे माझा शब्द शहाणपणाचाच होता," थोरली म्हणाली.

"आज. हंगाम सरल्यावर काय?"

त्यांना फळं देणाऱ्या व्यापाऱ्याला दोघी मामा म्हणत. दोघी बाजारात गेल्या तेव्हा पहाटेची गडबड सरली होती. मामा रिकाम्या क्रेटवर बसून चहा पीत होते. धाकटीने विचारलं, हंगाम संपल्यावर स्ट्रॉबेरी काय भावाने मिळेल?

"मिळेल? मिळेल गं, दुरून येते. पण साडेचारशे, पाचशे. आणि टोकाला पांढरी, चवीला पाणी."

धाकटीने तिथेच बोटांवर हिशोब केला. चारशे ऐंशी धरले, तरी नुसतं सामानच त्र्याहत्तरला पडत होतं. प्रत्येक बाटलीमागे खिशातले तीन जाणार, भाडं तर वेगळंच.

"मग हंगामातच घेऊन गोठवून ठेवू," परतताना थोरली म्हणाली. "हंगामाच्या शेवटी मामा शंभर-सव्वाशेला देतात की नाही?"

कल्पना झकास होती. दोघींनी लगेच पाच किलो करून पाहिली. पहिल्यांदा सगळी एका पिशवीत भरली, तर दुसऱ्या दिवशी गोठून एकच लाल धोंडा झाला. फोडायला वरवंटा लागला. मग ताटात सुटी पसरून आधी गोठवली आणि नंतर पिशवीत भरली, तशी ती खडखडीत गोट्यांसारखी सुटी राहिली. मिक्सरमध्ये टाकली तर बर्फही घालावा लागला नाही. ज्या दिवशी आणली त्याच दिवशी गोठली, म्हणून बुरशीला जागाच उरली नाही. थोरली टाळ्या पिटत म्हणाली, "बघ! वर्षाचा प्रश्न मिटला."

धाकटीने मात्र फ्रीझरचं झाकण उघडून आत नजर टाकली. रोज तीन किलोच्या वर, महिन्याला जवळजवळ शंभर. फ्रीझरमध्ये ठासून भरली तरी शंभर किलो. "हंगामानंतर एक महिना निघेल. उरलेले सात महिने हवा खायची?"

थोरली ओट्याशी टेकून बसली. म्हणाली, "मी शब्द दिलाय गं. जाऊन नाही म्हणायचं म्हणजे तोंडात मारून घेतल्यासारखं."

"नाही म्हणायचं कोण म्हणतंय? आधी मला बघू तर द्या, ती माणसं पितात तरी कशासाठी."

दुसऱ्या दिवशी नमुन्याच्या दहा बाटल्या घेऊन धाकटी स्वतःच व्यायामशाळेत गेली आणि जिन्यापाशी उभी राहिली. घामाने निथळलेली माणसं येत, बाटली गालाला लावत, मग झाकण उघडून घटाघट पीत. एकाने बाटली हलवून पाहिली आणि "मस्त घट्ट आहे" म्हणाला. रंगाकडे कोणी पाहिलं नाही. दोघांनी प्यायल्यावर विचारलं, "कसलं होतं हो?"

घट्टपणा तर केळ्याचा! आणि केळं बारा महिने मिळतं.

त्यानंतरचे काही आठवडे ओट्यावर नुसते प्रयोग. पपई, अननस, आंबा, कलिंगड. इथे मात्र धाकटीचा काटा मुका झाला. पपई-दूध थोड्या वेळाने कडवट लागायला लागलं, तसं थोरलीने चाखून फर्मान काढलं, "बाटलीत पपई नको. अननसही दुधात नको, दह्यात घाल." आंब्याची क्रेट आली, तशी तिने एकेक फळ देठाशी हुंगून तीन ढीग केले: आजचे, उद्याचे, परवाचे. त्या आठवड्यात कचऱ्याच्या बादलीत आंबा जवळजवळ गेलाच नाही.

"हे कसं कळतं तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

"नाकाला विचार."

धाकटीने खरोखरच एक आंबा हुंगला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. फरक होता. तिला फार आनंद झाला.

पैलवानाकडे दोघी गेल्या. बोलली मात्र थोरलीच. "भाऊ, भाव सत्तरच. शब्द मोडत नाही. पण स्ट्रॉबेरी तिच्या हंगामात, आणि वर एक महिना. पुढे ज्याचा मोसम, ते फळ. माप तेच, घट्टपणा तोच. दर चार महिन्यांनी बसून फळ ठरवू."

पैलवानाने कपाळाला आठ्या घातल्या. "मी सगळ्यांना स्ट्रॉबेरी सांगितलीय, वहिनी."

"मग ज्याला हट्टच असेल त्याला बेमोसमी देऊ, पण एकशेदहाला," धाकटी म्हणाली. "आणि ती चवीला पाणी असेल, हेही आत्ताच सांगते."

तो हसला. त्याने आंब्याची बाटली उघडली, अर्धी संपवली आणि "बघू" म्हणाला. त्याचा 'बघू' म्हणजे होकार, हे थोरलीने ओळखलं.

स्ट्रॉबेरी संपली, त्या सकाळी पिवळ्या बाटल्या गेल्या. चाळीसपैकी सहाजण गळाले; एकाने तर स्ट्रॉबेरी नाही म्हणून व्यायामच सोडला. पैलवान म्हणाला, तो तसाही सोडणारच होता. बाटल्या चौतीसवर स्थिरावल्या. पूर्वी ऐन गर्दीच्या महिन्यातही गल्ल्यात काही उरत नसे. आता थोडंथोडं उरत होतं, आणि का उरतंय हे दोघींना ठाऊक होतं. थोरली ओट्यावर अजूनही भांडं वाकडं करत होती, फक्त आता पाटीवरच्या भावात तो घोट धरलेला होता. त्या बाई दोन दुकानं ओलांडून येतच राहिल्या.

एका सकाळी मामांनी संत्र्यांच्या दोन क्रेट पाठवल्या. एक हंगामाच्या सुरुवातीची, जाड सालीची, स्वस्त. दुसरी पातळ सालीची, महाग.

"स्वस्तवाली घे," थोरली म्हणाली.

धाकटीने दोन्हींमधून किलो-किलो उचलून रस काढला आणि मापं शेजारी शेजारी ठेवली. थोरली हातातलं काम टाकून वाकून बघू लागली. महागाच्या संत्र्यांचा रस जवळजवळ दीडपट भरला होता, आणि भाव मात्र जेमतेम सव्वापट.

"अगंबाई," ती म्हणाली, "आता मोसंबीचं पण बघ ना."