बर्फातली बाटली

राज्यं मोडून नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या मेडिकल कॉलेजात येईल येईल म्हणून सगळे वाट बघत होते ते रक्तातले क्षार मोजायचं यंत्रही भोपाळलाच गेलं. तेव्हापासून पोटॅशियम मोजायचं म्हटलं की रक्ताची बाटली रात्रीच्या गाडीनं भोपाळला धाडायची, आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक कॉलवर आकडा ऐकायचा.

बाटली बांधायचं काम इंदुताईंनी आपल्याकडे घेतलं होतं. त्या शरीरक्रियाशास्त्र शिकवत. शिस्तीच्या बाई. बर्फखान्यातून बर्फ आणवायचा, भुसा भरलेल्या डब्यात बाटली मधोमध ठेवायची, वरून गोणपाट शिवायचं. रक्त ताजं राहिलं पाहिजे ना! त्यांचा डबा गाडीत कधी गळला नाही.

त्या आठवड्यात बाटली गेली होती सुलोचनाबाईंची. हजीऱ्याच्या गिरणीवस्तीतल्या बाई. नवरा सूर्याजी पूर्वी संस्थानच्या पलटणीत होता. पलटणी विलीन झाल्या तेव्हा वयात बसला नाही, म्हणून आता गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला बसे. सुलोचनाबाईंना महिनाभर जुलाब लागलेले. आल्या तेव्हा पाय उचलवत नव्हते, हात जेमतेम. वॉर्डाच्या डॉक्टर रमाकांतांना आधी वाटलं, जुलाबात सगळं पोटॅशियम वाहून गेलं असणार. पण भोपाळहून आकडा आला तो भलताच मोठा. पोटॅशियम अंगात फार झालं तरी हातपाय लुळे पडतात, आणि अशा वेळी आणखी दिलं तर हृदय थांबतं. डॉक्टरांनी पोटॅशियमचं औषध लिहिता लिहिता खोडलं. पोटॅशियम असलेलं खाणंपिणंही बंद केलं.

दोन दिवस गेले. सकाळी इंदुताई पहिल्या वर्षाच्या वर्गात पेशीच्या पडद्यावरची वीज शिकवत होत्या. हा धडा त्या दरवर्षी एकाच तऱ्हेनं सांगत.

"पेशी म्हणजे एक छावणी समजा," त्या फळ्यावर गोल काढत म्हणाल्या. "हा तिचा तट. बाहेर सोडियमची गर्दी, आत पोटॅशियमची. दोघांच्याही अंगावर अधिक वीज. तटाच्या दारावर एक दरबान आहे. तो दर खेपेला तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. तीन-दोनचं हे गणित अगदी ताजं आहे, तुमच्या पुस्तकात नसेल. हा दरबान म्हणजेच पंप. फुकट राबत नाही, त्याला सारखं खायला लागतं."

"म्हणजे आपल्या मेसच्या महाराजासारखा," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

"महाराज खातो जास्त, राबतो कमी. हा तसा नाही," इंदुताई म्हणाल्या. "आता बघा. तटाला बारीक फटी आहेत. त्यातून पोटॅशियम सहज निसटतं, सोडियमला मात्र जवळजवळ वाव नाही. पोटॅशियम आत दाटलेलं, म्हणून ते फटींतून बाहेर पडत राहतं आणि जाताना आपली अधिक वीज घेऊन जातं. आत जे मोठे, उणे विजेचे रेणू आहेत ते फटींतून मावत नाहीत, मागेच राहतात. म्हणून आतली बाजू उणे होते. पुरेशी उणे झाली की तीच पोटॅशियमला मागे ओढते आणि ओघ तोलला जातो. आतबाहेरचा हा फरक म्हणजेच पडद्यावरचं विभव. नस याच्यावर जागी असते. इशारा आला की सोडियमचे दरवाजे क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि संदेश पुढे जातो."

"पण मॅडम, ही वीज पंपच बनवतो ना?" वनमालेनं विचारलं. पहिल्या बाकावरची, सारखी शंका काढणारी पोर.

"थोडीशी थेट. बरीचशी त्या फटींची करामत. पंपाचं खरं काम आतबाहेरची गर्दी वेगळी राखायची. तो थांबला तर नस लगेच मरत नाही. साठा आहे तोवर चालते, मग हळूहळू सगळं सारखं होतं."

"और मॅडम, दरबान को ठंड लग जाए तो?" मागच्या बाकावरून एका पोरानं विचारलं.

पुन्हा हशा पिकला. जानेवारीचे दिवस, पोरं हात चोळत बसलेली.

"तर त्याचे हात आखडतील," इंदुताईही हसल्या. "गारठ्यात पंप जवळपास बंद पडतो. फटी मात्र उघड्याच राहतात. मग पोटॅशियम झिरपत झिरपत बाहेर येतं. रक्तातल्या तांबड्या पेशींचंही तसंच. त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेरच्या पाण्यात साठत जातं, आणि मोजणाऱ्याला वाटतं…"

त्या थांबल्या. वर्गाला वाटलं, शब्द विसरल्या. त्यांनी खडू फळीवर ठेवला, "बसा तुम्ही" म्हणाल्या, आणि तशाच पांढऱ्या हातांनी वॉर्डाकडे निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कॉलेजच्या आवारात पळाल्या.

सुलोचनाबाईंना आता मानही उचलवत नव्हती. श्वास वरच्यावर चालला होता.

"डॉक्टर, यांना पोटॅशियम द्या."

"इंदुताई, काय बोलताय? आकडा केवढा आलाय बघितलात ना!"

"आकडा बरोबर आहे. पण तो बाटलीतल्या रक्ताचा आहे, यांच्या अंगातल्या रक्ताचा नाही. मी अख्खं रक्त रात्रभर बर्फात ठेवलं. पेशींतलं पोटॅशियम वरच्या पाण्यात उतरलं. आधी पाणी वेगळं करायला हवं होतं आणि तेवढंच पाठवायला हवं होतं."

"पण पेशी फुटल्या असत्या तर पाणी लाल झालं असतं. भोपाळवाले म्हणाले, नितळ होतं."

"फुटल्या नाहीत. नुसत्या गारठल्या."

रमाकांतांनी नर्सला हाक मारली. सलाइनमधून पोटॅशियम सुरू केलं, पण थेंबाथेंबानं, कारण घाई केली असती तर हृदयच थांबलं असतं. बाहेर पोटॅशियम फार कमी झालं की पेशींच्या आतलं जास्त ओढीनं निसटतं, आतली बाजू नको तितकी उणे होते, आणि स्नायू इशारा ऐकेनासे होतात. छातीचे स्नायूही त्यातच आले. दुपारपर्यंत आळीपाळीनं हातानं पिशवी दाबून श्वास देत राहिले. एकदा बाईंची बोटं हलली, आणि इंदुताईंनी ती घट्ट धरली. उन्हं कलायच्या आत सुलोचनाबाई गेल्या.

सूर्याजी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. रमाकांत म्हणाले, "मी सांगतो त्याला. आजार फार वाढला होता म्हणून सांगतो. ते खोटंही नाही."

"नको," इंदुताई म्हणाल्या, आणि स्वतः बाहेर गेल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. छावणी, दरबान, गारठा, बर्फ. वर्गात सांगत तेच शब्द. दुसरे त्यांच्यापाशी नव्हते.

सूर्याजीनं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "पहाऱ्यावरचा माणूस थंडीनं आखडला तर आम्ही त्याला बोल लावत नव्हतो, बाईसाहेब. त्याला तिथं कोणी उभं केलं, ते बघत होतो."

"मीच उभं केलं."

"हं." त्यानं खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "एक विचारू? परवा ती मोसंबीचा रस मागत होती. त्यात ते तुमचं असतं का?"

"असतं."

"दिला असता तर वाचली असती?"

"तेवढ्यानं नसती वाचली, सूर्याजी. पण तो बंद करायला नको होता."

"रात्रभर मागत होती." त्यानं उपरण्यानं डोळे नाही, नुसतं कपाळ पुसलं. "मी मोसंबी आणलेलीही होती, गजराराजा चौकातून. मग नर्सनं नाही म्हटलं तर मी हिलाच ओरडलो. म्हटलं, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का? त्यावर गप्प झाली. मला वाटलं, समजली."

आत नर्सनं खाटेभोवती पडदा ओढला. सूर्याजी गाडीची सोय बघायला फाटकाकडे चालू लागला. इंदुताई त्याच्या मागोमाग दोन पावलं गेल्या आणि उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांना अजून खडू लागलेला होता.