नव्या मशीनची तक्रार

ऑनलाइन मागवलेलं केस कापायचं मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्याच मानेवर तापलं, तसं सलूनवाल्याचंही डोकं तापलं. त्याने ॲपवर माल नकली असल्याची तक्रार ठोकली, बिल जोडलं, पैसे परत मागितले. तसं मशीनच्या कंपनीचं पत्र जोडा, असं उत्तर आलं. मग तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तुलनेसाठी, दुकान टाकताना सासऱ्यांनी दिलेलं त्याच कंपनीचं जुनं मशीनही नेलं.

मेकॅनिकने दोन्हींचे सीरियल नंबर तपासले. "दोन्ही नकली. दोन्हींचं पत्र देऊ?"

"नव्याचंच द्या."

पैसे परत आले त्याच संध्याकाळी सासरे खुर्चीत येऊन बसले. जुन्या मशीनची घरघर ऐकून म्हणाले, "बघा जावईबापू, अस्सल माल!"

"प्रश्नच नाही," म्हणत त्याने आरशात नजरानजर व्हायच्या आत त्यांची मान खाली वाकवली.