कानावरून घेतलेले केस

आमचं वेगळं राज्य होऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि रायपुरात रोज नवं काही उघडत होतं. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात माझं पुरुषांचं सलून जुनंच होतं. त्याच्याच मागच्या अर्ध्या भागात पडदा टाकून माझ्या सुनेने, पद्मजाने, बायकांचं पार्लर सुरू केलं होतं. तिचं दार गल्लीतून, माझं रस्त्यावरून. बायका माझ्या दारातून कधी येत नसत.

म्हणून त्या बुधवारी दुपारी क्षमा सरळ माझ्या दारातून आत आली तेव्हा खुर्चीवरचा माणूस अर्ध्या दाढीने तिच्याकडे बघत राहिला. तिच्यामागे तिचा भाऊ सुशील होता, माझं जुनं गिऱ्हाईक. वडील रेल्वेत होते, आता हयात नाहीत. आई शारदाबाई शिवणकाम करायच्या.

"काका, सुशीलचे केस तुम्हीच कापता न?"

"दहा वर्षं झाले. काहून?"

"त्याचे कान अन् माझे कान एकसारखे आहेत. पण त्याचे कोणाले दिसत नाही, माझे साऱ्या दुनियेले दिसते. तुम्ही काय करता ते मले सांगा."

सुशील म्हणाला, "दीदी, हळू बोल ना."

"काहून हळू? शनिवारी माझं नशीब ठरून राहिलं, अन् तू हळू बोल म्हणतोस!"

मी गिऱ्हाइकाची राहिलेली दाढी उरकली आणि तिला बाकावर बसवलं. मग सगळं कळलं. शहरात केबलवर नवं बातम्यांचं चॅनल निघालं होतं. बातम्या वाचायला एक मुलगी हवी होती, जागा एकच. क्षमाचा आवाज चांगला, हिंदी साफ. सोमवारी तिची चाचणी झाली. शारदाबाईंनी मोठ्या कामाला जायचं म्हणून रीतीप्रमाणे भरपूर तेल लावून, मधोमध भांग पाडून, चापूनचोपून वेणी घातली. कॅमेऱ्यासमोर बसल्यावर मागच्या दिव्याचा उजेड कानांतून आरपार आला आणि दोन्ही कान पडद्यावर लालभडक दिसले. दिवेवाला पोट्टा फिसकन हसला. चॅनलचे साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "आवाज पक्का है, बेटी. लेकिन लोग खबर नहीं सुनेंगे, कान देखेंगे. शनिवार को फिर आओ." शनिवारी दुसरीही एक मुलगी येणार होती.

मंगळवारी क्षमा एका मोठ्या पार्लरमध्ये जाऊन केस गरम चिमट्याने सरळ करून आली होती. तेच बघून मला वाईट वाटलं. केस इतके चपटे आणि पातळ झाले होते की दोन्हीकडून कानाची टोकं पडद्यातून डोकवावी तशी बाहेर आली होती.

"हे तर अजून बिघडवलं," मी म्हणालो.

पडद्याआडून पद्मजाचा आवाज आला. "मामाजी, पोरीचे केस आहेत. माझ्याकडे पाठवा. तुम्ही दाढ्या करा."

"पाठवतो. पण आधी तू इकडे ये, अन् पाहा."

मी सुशीलला खुर्चीवर बसवलं. महिन्याचे केस वाढलेलेच होते. पद्मजा पडदा बाजूला करून उभी राहिली, हातात कंगवा, चेहऱ्यावर राग. या धंद्यात मी तिचा सासरा नव्हतो, शेजारचा दुकानदार होतो.

मी सांगितलं, "जास्त न्हावी काय करते? कानाजवळ मशीन लावून वरपर्यंत साफ करते. डोकं बारीक होते, कान दोन बाजूले उघडे पडते. मी मशीन लावतच नाही. बाजूचे केस दोन बोटं ठेवतो, कंगव्यावर कैचीने कापतो. कानाच्या वरच्या काठावर केस हलके येऊ द्यायचे. कल्ले भरलेले ठेवायचे, म्हणजे कानाच्या पुढची जागा रिकामी वाटत नाही. अन् सगळ्यांत मोठं काम मागे आहे."

मी सुशीलचं डोकं खिडकीकडे फिरवलं. "कान अन् डोकं यांच्यामधून उजेड दिसते का ते पाहायचं. दिसला की मागे केस कमी पडले. तिथं दाट राहू द्यायचे. कान लपवायचा नाही, त्याच्याभोवतीची रिकामी जागा भरायची."

पद्मजा वाकून बघत होती. मग तिने सुशीलच्या कानामागे बोट घातलं आणि म्हणाली, "हव. म्हणून काल तिचे केस सरळ करून फायदा झाला नाही. भरावच गेला."

"तेच तर."

"आता मले करू द्या." ती क्षमाचा हात धरून आत घेऊन गेली.

पार्लरात माझं पाऊल पडत नसे. मी पडद्याच्या अलीकडे बसलो आणि ती पलीकडून सांगत राहिली. चिमट्याआधी लावलेल्या क्रीमचा चिकटा दोन वेळा शाम्पूने धुतला. भांग मधून काढून डावीकडे नेला. मागची लांबी तशीच ठेवून पुढचे केस गालाच्या हाडापासून हनुवटीच्या खालपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कापले, म्हणजे बाजूला फुगार राहील. मोठे रोलर लावून वाळवले. लोंबते झुमके काढायला लावले, कारण नजर त्यांच्यामागून कानाकडेच जाते. लहान टॉप्स घातले.

पडदा सरला. क्षमा वेगळीच दिसत होती. केस दोन्ही गालांवरून मऊ लाटेसारखे खाली येत होते आणि कान होते कुठे हेच कळत नव्हतं. सुशील म्हणाला, "अरे वा, दीदी!" आणि मीही मनात टाळी वाजवली.

तेवढ्यात गल्लीकडून शारदाबाई आल्या. लेकीला बघून दारातच थांबल्या.

"बातम्या सांगाले चालली का लग्नाले? मोकळे केस घेऊन कोणी बातम्या सांगते?"

"आई, छान दिसून राहिलं."

"छान दिसते. पण वाचून दाखव बरं."

बाकावर पडलेलं वर्तमानपत्र त्यांनी क्षमाच्या हातात दिलं. क्षमा वाचू लागली. दोन ओळी वाचायला मान खाली घातली, केस पुढे आले. मान वर करताना तिने सवयीने उजव्या हाताने केस कानामागे सारले. पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा हात. चौथ्या ओळीला उजवा कान पुरता बाहेर आला.

क्षमाने आरशात बघितलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं. तिचे डोळे भरले. "माझी सवय जाणार नाही, काका. शाळेपासूनची आहे. तीन दिवसांत कशी जाईल?"

"मग केसच बांधावे लागतील," पद्मजा म्हणाली. "पण बांधले की ओढले जाते, अन् ओढले की कान."

शारदाबाई बाकावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "गोदावरी आत्याचा फोटो आहे घरी. माझी आत्या. ती केस कानावरून घेऊन मागे खाली अंबाडा घालायची. त्या वेळी चांगल्या घरच्या बायका तसाच घालत. ओढत नसत. मीच ओढून बांधायला शिकली, शाळेत केस सैल दिसले की बाई मारायच्या म्हणून."

"मग मले दाखवा," पद्मजा म्हणाली.

"मी का पार्लरवाली आहे?"

"तुम्ही पाहिला आहे न. मी पाहिला नाही. दाखवा."

शारदाबाई उठल्या. बाजूचे केस त्यांनी हातात धरले आणि ओढायच्या ऐवजी सैल सोडून कानाच्या वरच्या अर्ध्या भागावरून मागे नेले. पद्मजाने आतून थोडे केस उलटे विंचरून भराव दिला, म्हणजे वरचे केस डोक्याला चिकटणार नाहीत. अंबाडा मानेवर, अगदी खाली, सैल. पिना कानामागे आत लपवल्या. खाली कानाची पाळी आणि बारीक टॉप्स तेवढे दिसत होते. वर पदरासारखे केस.

"मान हलव," मी पडद्याअलीकडून ओरडलो. "जोरात. माशी हाकलल्यासारखी!"

क्षमाने मान हलवली. केस हलले नाहीत. वाचून दाखवलं. हात दोनदा सवयीने वर गेला, कानामागे सारायला काही सापडलं नाही, परत खाली आला. तिसऱ्यांदा गेलाच नाही.

शारदाबाई लेकीची हनुवटी धरून म्हणाल्या, "आता बातमीवाली वाटते."

पुढचे दोन दिवस पद्मजाने रोज सकाळी तो अंबाडा बांधला, घड्याळाकडे बघत, दर वेळी लवकर. शेवटी पंधरा मिनिटांवर आणला. शनिवारी आम्ही चौघं गेलो. क्षमा, शारदाबाई, पद्मजा तिच्या पिनांचा डबा घेऊन, आणि मी. मला तिथे काही काम नव्हतं, पण घरी बसवलं नसतं. सुशीलने दुकान उघडं ठेवायचं कबूल केलं, म्हणजे गिऱ्हाइकांना चहा पाजायचं.

स्टुडिओ म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला, भिंतीला निळा कागद, चार दिवे. दुसऱ्या मुलीची चाचणी आधीच झाली होती आणि तिचे केस मोकळे, चकचकीत होते. चांगलं वाचलं असावं, कारण साहेब खुशीत होते. क्षमाला बसवलं. तोच दिवेवाला पोट्टा मागचा दिवा नीट करत होता आणि ओठ दाबून हसत होता. मला त्याचा कान पिळावा असं वाटलं.

दिवा लागला. साहेब छोट्या पडद्यावर बघत होते. क्षमाने वाचायला सुरुवात केली. खारून नदी, नवे रस्ते, धानाची खरेदी, भराभर सगळं. मान खाली, मान वर. हात कागदावर. मागचा उजेड तिच्या केसांवर पडला आणि केसांच्या काठाला नुसती सोनेरी रेघ आली. लाल काही नाही.

"रुको," साहेब म्हणाले. पद्मजाने माझा हात घट्ट धरला. "जरा बाएँ देखो. अब दाएँ."

क्षमाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. अंबाडा मानेवर तसाच बसून होता. साहेब पडद्याजवळ सरकले, चष्मा वर केला.

"सोमवार को जो कान थे, वो कहाँ गए?"

पद्मजा बाजूने म्हणाली, "वहीं हैं, साहब. आपकी बात सुन रहे हैं."

सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी क्षमाला सांगितलं, आता न थांबता पूर्ण वाच. तिने वाचलं. या वेळी पडद्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे ऐकत होते. तिचा आवाज त्या खोलीत घंटेसारखा साफ वाजला. वाचून झालं तेव्हा दिवेवाला दिवा बंद करायचं विसरून उभा होता.

साहेब दुसऱ्या मुलीशी बाहेर जाऊन बोलले, परत आले आणि क्षमाला म्हणाले, "सोमवार शाम सात बजे. पाँच बजे आ जाना." मग पद्मजाकडे वळले. "और आप भी. बाल यही बाँधेंगी, रोज."

शारदाबाईंनी तिथल्या तिथे दोन्ही हात जोडले, कोणाला हे त्यांनाही माहीत नसावं. जिन्यात येताच क्षमाने अशी आरोळी दिली की खालचा पानवाला वर बघायला लागला.

सोमवारी सात वाजता सलूनमध्ये बसायला जागा नव्हती. मी टीव्ही उंच ठेवला होता. निळा कागद आला, क्षमा आली आणि तिने नमस्कार केला. मी सुरुवातीला अंबाड्याकडे बघितलं, पद्मजाच्या हाताकडे बघितल्यासारखं. मग तिने सांगितलं की ब्राह्मणपाऱ्यात आणि आमच्याकडे उद्या नळाला पाणी येणार नाही.

"काहून येणार नाही?" खुर्चीवरचा माणूस गळ्याभोवतीचा कपडा घेऊन उठून उभा राहिला. "परवाही आलं नव्हतं!"

"बसा, बसा, सांगून राहिली न ती."

"मग पंखा बंद करा काका, ऐकू येऊन नाही राहिलं!"

मी पंखा बंद केला.