तिसरी किडनी

आमच्या इस्पितळात सीटी स्कॅनचं यंत्र आहे, पण त्यातली चित्रं वाचणारा डॉक्टर नाही. चित्रं इथून दूरच्या स्फाक्स शहरात जातात आणि तिथे बसलेल्या डॉक्टर राऊदा ती वाचतात. दोन वर्षांत मी बाईंचं तोंडही पाहिलं नव्हतं. रुग्णाला हात न लावता बोलणाऱ्या डॉक्टरवर माझा फारसा विश्वास नव्हता, आणि त्यांच्या एका नियमाचा तर मला मनापासून राग यायचा. एरवी अहवाल गुपचूप स्क्रीनवर येतो. पण जिवावरचं काही दिसलं की बाई स्वतः फोन करतात, इलाज करणाऱ्या डॉक्टरशीच बोलतात, आणि ऐकलेलं त्यांना मोठ्याने परत म्हणून दाखवावं लागतं. शाळेत पाढे म्हणायचे तसं.

ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते. मी दुपारच्या पाळीवर आलो, सकाळचा डॉक्टर गाडी काढून निघून गेला, आणि लगेच फोन वाजला. सकाळी शिडीवरून पडलेल्या एका माणसाचा स्कॅन होता.

"मबारक दाऊई, जन्म एक जानेवारी," बाई म्हणाल्या. "प्लीहा फाटलीय, पोटात रक्त साचलंय. शिरेतून दिलेलं औषध बाहेर झिरपताना दिसतंय, म्हणजे रक्त आत्ताही वाहतंय. म्हणा."

मी म्हटलं. त्याची खाट कुठली ते बघायला मान वळवली, तर बाईंचं संपलं नव्हतं.

"आता दुसरं. याच रुग्ण-नंबरावर तुमच्याकडचा तीन वर्षांपूर्वीचा स्कॅन आहे. त्या माणसाला डावी किडनी नाही. आजच्या माणसाला दोन्ही आहेत, सुकलेल्या, आणि खाली ओटीपोटात उजवीकडे तिसरी बसवलेली आहे. काढलेली किडनी गवतासारखी परत उगवत नाही, डॉक्टर. हा तो माणूस नव्हे. म्हणा."

मी वैतागून, जरा जास्तच मोठ्याने म्हटलं, "आजच्या माणसाला तीन किडन्या आहेत."

शेजारी चादरींच्या घड्या घालणारी आमची नर्स झोहरा थबकली. "अहो, मग हा धाकटा मबारक," ती म्हणाली. "थोरल्यानेच नाही का त्याला किडनी दिली? अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

दोघं चुलतभाऊ, दोघांना आजोबाचं नाव. जन्मतारखाही एकच, कारण त्या काळी इथे जन्म नक्की ठाऊक नसलेल्या सगळ्यांची एक जानेवारीच लिहायचे. गावाला थोरला-धाकटा म्हटलं की पुरतं. नोंदणीच्या टेबलावर मात्र यादीत पहिला दिसला तो मबारक निवडला होता. कागदावर रक्तगट थोरल्याचा, फोन नंबर थोरल्याचा, आणि प्रत्यारोपणाचा उल्लेखही नव्हता.

खाट रिकामी होती. वेदनाशामक घेतल्यावर बरं वाटलं, म्हणून धाकटा अहवालाची वाट न बघता बागेत परतला होता. झोहराने कागदावरचा नंबर लावला. थोरल्याने उचलला.

"तो ना? झाडाखाली झोपलाय," तो म्हणाला. "घाम आलाय त्याला, म्हणून मी घोंगडी पांघरवली."

"उठवून बसवू नका," झोहरा म्हणाली. "तसाच आडवा राहू द्या. खायला-प्यायला घोटभरही देऊ नका. आम्ही निघालोच."

हा धाकटा मबारक आहे, हे मी बाईंना कळवलं. त्यांनी तेही परत म्हणायला लावलं, आईबापाच्या नावासकट. मी या वेळी निमूट म्हटलं. आम्ही बागेत पोचलो तेव्हा धाकट्याचे ओठ पांढरे पडले होते आणि नाडी हाताला जेमतेम लागत होती. सलाईन लावलं, रक्तगट नव्याने तपासायला नमुना काढला, आणि रुग्णवाहिका जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयाकडे पळाली. तिथल्या सर्जनला मी काही सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "बाईंनी फोन केला होता. चित्रं पाहिलीत. खालची किडनी सांभाळतो." बाई एका खोलीत बसून आमच्या पुढे पुढे धावत होत्या. मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

प्लीहा काढावी लागली. माणूस वाचला.

पुढच्या आठवड्यात थोरला इस्पितळात आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. "डॉक्टरसाहेब, त्या स्फाक्सच्या बाईंना दिसली, ती मलाही बघता येईल का?"

धाकट्याला विचारून मी त्याचा स्कॅन उघडला. आता तो त्याच्या स्वतःच्या नंबरावर होता. एकेक काप खाली सरकवत गेलो. वरच्या दोन किडन्या वाळक्या खजुरासारख्या. मग खाली, उजवीकडे, एक भरदार, गुटगुटीत.

थोरला स्क्रीनजवळ वाकला. मग त्याने बोट काचेवर हलकेच टेकवलं, आणि त्याचा दुसरा हात आपोआप आपल्या डाव्या कुशीवर गेला.

"बरी दिसतेय," तो म्हणाला. "माझ्याकडे होती तेव्हा मला कधी दिसली नाही."