दोनदा कापलेलं वजन

शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी कुसाबाईंच्या पोटावरचे टाके उसवले, तेव्हा अतिदक्षता विभागातले डॉक्टर गौरांग आहारतज्ज्ञ लतिकाताईंना म्हणाले, "बाई, औषधं बरोबर आहेत, संसर्ग नाही. मग जखम भरत का नाही? खाणं पुरतंय ना?"

"पुरतंय हो," ताई म्हणाल्या. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं गणित कधी चुकलं नव्हतं.

तरी त्या खाली आपल्या खोलीत येऊन बसल्या. कुसाबाई पिंपळगावच्या, अठ्ठावन्न वर्षांच्या. उंची एकशे बावन्न सेंटिमीटर, वजन एकशे पंचेचाळीस किलो. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली, अन्न नाकातल्या नळीतून. शरीराची किमान गरज सांगणाऱ्या मिफ्लिनच्या सूत्रात ताईंनी पडताळा म्हणून पूर्ण वजन घातलं. नुसतं पडून राहायला एकोणीसशे पन्नास कॅलरी. आणि नळीतून जात होत्या बाराशे पंचाहत्तर.

अंदाजात थोडाफार फरक पडतोच, पण एवढा?

त्यांनी पुन्हा मांडलं. आदर्श वजन पंचेचाळीस. जादा शंभर किलो. चरबीला स्नायूंइतकी ऊर्जा लागत नाही, म्हणून त्यातला चौथा हिस्साच धरायचा, पंचवीस. झाले सत्तर. किलोला पंचवीस कॅलरी, म्हणजे सतराशे पन्नास.

मग संगणकावरचा कुसाबाईंच्या आहाराचा तक्ता उघडला. वजनाच्या रकान्यात आकडा होता सत्तर. खाली त्यांचंच नाव.

पहिल्या दिवशी घाईत त्यांनी हिशेब कागदावर केला आणि आलेलं वजन तक्त्यात भरलं. तक्ता मात्र खरं वजनच मागतो आणि कपात स्वतः करतो. त्याने सत्तरातल्या जादा पंचवीसचे पुन्हा चारातले तीन हिस्से उडवले. राहिले एक्कावन्न, म्हणजे बाराशे पंचाहत्तर कॅलरी.

रोज पावणेपाचशे कॅलरी कमी. बारा दिवस.

आणि कुणाला शंकाही आली नव्हती. तिसऱ्या दिवशी मुलगा रविराज विचारायला आला होता, "ताई, एवढ्यावर आईचं भागंल ना?" तेव्हा परिचारिका मनीषा हसली होती, "अहो, महिनाभर पुरेल एवढं साठवलंय त्यांनी!" ताईही हसल्या होत्या.

त्यांनी वर जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. गौरांग म्हणाले, "आजपासून वाढवू. एकदम नको, उपाशी शरीराला ते झेपत नाही. रक्तातलं फॉस्फरस तपासत, दोन-तीन दिवसांत सतराशे पन्नासपर्यंत नेऊ." मग हळूच, "नातेवाइकांना मी सांगू?"

"नको. आकडा मी भरला होता."

रविराज बाहेर बाकावर बसला होता. ताईंनी काहीही न लपवता सांगितलं.

तो उभा राहिला. "म्हंजी आई बारा दिस अर्धपोटी व्हती? अन् आमी म्हनत व्हतो, तिला काय कमी हाय?"

"हो."

ताई जागच्या हलल्या नाहीत.

"लेखी द्या," तो म्हणाला.

ताईंनी कागद घेतला आणि उभ्यानेच लिहायला सुरुवात केली.